बेरीज बरोबर, महिने चुकले

कळंबोलीच्या आमच्या ऑफिसात ती मीटिंग झाली त्याला बरेच दिवस झाले, तरी साहेबांचं वाक्य कानातून जात नाही. "तुमच्या गणितापेक्षा ड्रायव्हरचा अंदाज बरा!" सगळ्यांसमोर बोलले. म्हणून जे झालं ते सांगतो.

न्हावा शेव्याहून निघणाऱ्या आमच्या ट्रेलरच्या मासिक फेऱ्यांवरून ऑक्टोबर-डिसेंबर 2025 चा अंदाज काढायचा होता. 2022 पासूनचे आकडे घेतले, बारा महिन्यांची केंद्रित चल सरासरी काढली, प्रत्येक महिन्याला तिने भागलं, तीन वर्षांच्या भागाकारांची सरासरी घेतली. हा झाला हंगामी निर्देशांक. तो काढून टाकलेल्या आकड्यांवर कल-रेषा बसवली. ऑक्टोबरची कल-किंमत 1200, निर्देशांक 1.05, म्हणून 1260 फेऱ्या. नोव्हेंबर 1210 गुणिले 0.95, म्हणजे 1150.

प्रत्यक्षात ऑक्टोबरला 1118 झाल्या, नोव्हेंबरला 1296. ऑक्टोबरसाठी महिन्याच्या बोलीवर घेतलेल्या गाड्या यार्डात उभ्या राहिल्या आणि नोव्हेंबरात मार्केटच्या गाड्या चढ्या भाड्याने उचलाव्या लागल्या.

रात्री शीट उघडली आणि दोन महिन्यांची बेरीज केली. अंदाज 2410, प्रत्यक्ष 2414. म्हणजे माल कुठे गेला नव्हता, फक्त महिना बदलला होता. मग सरासरीमागचे सुटे आकडे पाहिले. ऑक्टोबरचे 0.92, 1.13, 1.10. नोव्हेंबरचे 1.08, 0.86, 0.91. लक्ष्मीपूजन 2022 ला 24 ऑक्टोबरला होतं, 2023 ला 12 नोव्हेंबरला, 2024 ला 1 नोव्हेंबरला. दिवाळीला कारखाने बंद, ड्रायव्हर गावी, आणि बिहार-यूपीचे तर छठ उरकूनच परततात. तो खड्डा दिवाळीबरोबर सरकतो. 2025 ला ती 21 ऑक्टोबरला आली. 1.05 हा ऑक्टोबर कुठल्याच वर्षी नव्हता. फक्त 2022 चे निर्देशांक लावले असते तर 1104 आणि 1307 आले असते.

"दिवाळी लवकर आहे, ऑक्टोबर कमी धरा" अशी ओळ मी टिपणात लिहिली होती. "एकच आकडा द्या" म्हणत साहेबांनीच ती काढायला लावली. हे मीटिंगमध्ये कुणी बोललं नाही. पण टिपणातली ओळ मी आकड्यात उतरवली नव्हती, एवढी चूक माझी.

म्हणून, सरासरी घेण्याआधी प्रत्येक महिन्याचे वर्षवार निर्देशांक शेजारी मांडा. आमचे इतर महिने दोन-तीन शतांशांनी हलतात. जो वीस शतांशांनी हलतो, त्याची सरासरी घेऊ नका. दिवाळी ऑक्टोबरात आलेली वर्षं वेगळी ठेवा, नोव्हेंबरातली वेगळी. तीन वर्षांत ऑक्टोबरातल्या दिवाळीचं एकच वर्ष हाती लागतं, म्हणून 2019 चेही आकडे शोधा, त्या वर्षी लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरला होतं. तेही नसतील तर दोन्ही महिन्यांचा एकत्र अंदाज द्या आणि आठवड्यांची वाटणी पंचांग बघून करा. 2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, तेव्हा 2025 चा ऑक्टोबर तिथे उचलून लावू नका.

आकडे नीट तपासा. आणि साहेब ओळ काढायला सांगतील तेव्हा ते ईमेलवर मागा.