ओट्याखालचं पाणी

भडगाव

चि. बापू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू दिवाळीत येऊन सिंकखालचा मोठा नट कसून गेलास. पाचव्या दिवशी ओट्याखाली पुन्हा पाणी. मामी परात सरकवत म्हणाली, "आते काय करानं?" मी तुला फोन केला नाही, काल आडवा होऊन स्वतःच उघडलं. काय सापडलं ते लिहितो, कारण ही कामं तुला पुढं लोकांच्या घरी करायची आहेत.

उघडण्याआधी गळती कुठली ते पाहिलं. कपलिंग आणि खालचा पाइप फडक्यानं कोरडा केला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, जाळी बंद केली आणि सिंक भरून ठेवलं. पाणी आत नुसतं उभं असतानाच दहा मिनिटांत नटाच्या कडेवर थेंब जमला. पाइप कोरडाच होता. म्हणजे पाणी वरच्या कडीखालून शिरून कपलिंगच्या बाहेरच्या अंगानं उतरत होतं. पाणी सोडल्यावरच थेंब आला असता, तर दोष खालच्या पाइपच्या जोडात शोधला असता. तू ही परीक्षा न करता सरळ पाना लावलास.

मग नट सोडला. खालून वर बघताना घड्याळाच्या उलट दिशेनं तो सुटतो. आपल्या बोअरच्या जड पाण्यानं आट्यांवर पांढरी खपली धरली होती. तिच्यावर व्हिनेगरचं फडकं अर्धा तास गुंडाळलं आणि नटाच्या कानाला लाकडी ठोकळा लावून हळूच ठोकलं. आतलं रबर पाहून मला हसू आलं. एका बाजूनं ते जिभेसारखं बाहेर आलं होतं आणि दुसऱ्या बाजूला नुसती चपटी पट्टी राहिली होती. वाकवलं तर चिरा पडल्या. नखानं दाबलं तर खूण तशीच राहिली. शेवभाजीच्या कढईचं तेल निघावं म्हणून मामी उकळतं पाणी ओतते, त्यानं रबर कडक होत गेलं असणार. पण मुरगळलं मात्र तुझ्या पान्यानं. रबर आणि नट यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा गुळगुळीत वायसर हवा, तो तिथं नव्हताच. नट फिरला की रबरही त्याच्यासोबत फिरलं.

बापू, पाणी आटे अडवत नाहीत, रबर अडवतं. नट फक्त त्याला सिंकच्या पत्र्यावर सगळीकडून सारखं दाबून ठेवतो. म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून इथं उपयोग होत नाही. कोणी तरी पूर्वी वरून एपॉक्सीचा लगदाही थापला होता. तो खरवडण्यात माझा अर्धा तास गेला, ते वेगळंच.

जुनं रबर घेऊन बाजारात गेलो. आपल्या सिंकचं भोक साडेतीन इंची आहे, पण नुसतं माप सांगून भागत नाही. रबराचं आतलं भोक कपलिंगच्या अंगाला चपखल बसलं पाहिजे, सैल असलं तर ते एका बाजूला सरकतं. दुकानातच कपलिंगवर चढवून पाहिलं. तेवढ्यात पुठ्ठ्याचा वायसरही मागून घेतला.

पत्र्याच्या दोन्ही बाजू खरवडून, पुसून कोरड्या केल्या. वरच्या कडीखाली जुनी पुटी भुगा झाली होती, ती काढून नवी फिरवली. पुढं क्रम लक्षात ठेव. पत्र्याला खालून आधी रबर, मग पुठ्ठा, मग नट. रबराला तेल लावायचं नाही, तेलानं ते फुगतं. लावायचंच तर साबणाचं पाणी लाव. नट हातानं पुरता बसवला, मग पान्यानं पाव फेरा. मामीनं वरून जाळीच्या भोकांत पक्कडीचे दांडे अडकवून कपलिंग धरलं होतं, नाही तर नटाबरोबर ते फिरतं आणि वरची पुटी फाटते. रबर कडेनं बाहेर डोकावू लागलं की थांब. त्यापुढं कसलास तर प्लॅस्टिकचा नट तडकतो.

भोकाची कड गंजलेली असती किंवा कपलिंगला चीर असती, तर नव्या रबरानं काही झालं नसतं. तिथं अख्खं कपलिंगच बदलायचं, आणि गिऱ्हाइकाला ते उघडल्यावर लगेच सांगायचं.

पुन्हा सिंक भरून अर्धा तास ठेवलं, मग एकदम सोडलं. वर्तमानपत्र दोन्ही वेळा कोरडं. जुनं रबर पाकिटात घातलंय, वाकवून बघ.

मामीनं परात अजून काढलेली नाही. आठ दिवस कोरडी राहिली तर उचलेन म्हणते.

तुझा,
मामा