लटकतं रॅक कलतं का?

प्रश्न : दुकानात स्लॅबपासून आटे पाडलेल्या चार दांड्यांवर रॅक लटकवलंय. दांड्या अगदी सारख्या कापल्या, तरी एक कोपरा खालीच राहतो.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं माप चुकलेलं नाही, स्लॅबच सहसा पातळीत नसतो. दांड्या थोड्या लांबच ठेवा. फळीच्या वर आणि खाली वायसर घालून नट लावा. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चारही दांड्यांवर एक पातळी खुणावून खालचे नट तिथवर आणा. दहा मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्यांवर नटाचा एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर. कोपरा सहा मिलिमीटर खाली असेल, तर चार फेरे वर. मग वरचे नट आवळा.

कपलिंग नटाने जोड दिला असेल तर मात्र जपा. दोन्ही दांड्यांवर नटाच्या निम्म्या लांबीची खूण आधीच करा. एकच दांडी जास्त आत सरकली, तर दुसरी दोन-तीन आट्यांवरच लटकते आणि बाहेरून ते दिसत नाही.