ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण

कादंबरीवरच्या निबंधाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा वहीत आधीच तयार असतं. ‘या कादंबरीत ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण आले आहे.’ बी.ए.च्या मुलांचे निबंध तपासायला घेतले की हे वाक्य मला ‘बनगरवाडी’खाली दिसतं आणि ‘बारोमास’खालीही दिसतं. एकच वाक्य दोन्हीकडे चालत असेल, तर ते त्यातल्या एकीविषयीही काही सांगत नाही.

आमच्या दुसरबीडकडच्या मुलांपुढे याहून मोठा धोका आहे. कादंबरीतलं गाव त्यांना आधीपासून माहीत असतं. मेंढरांचे कळप शेतात बसलेले त्यांनी पाहिलेत आणि पाऊस ताणला की घरात काय बोलणं होतं तेही ऐकलंय. त्यामुळे व्यंकटेश माडगूळकरांच्या 1955 सालच्या कादंबरीतला माणदेश वाचता वाचता त्यांचा सिंदखेडराजा तालुका होऊन जातो आणि निबंधात सोयाबीनचा भाव येतो. मागे एका विद्यार्थ्याने ‘बनगरवाडी’वर चार पानं लिहून आणली, त्यातली अडीच आपल्याकडच्या शेतकऱ्यावर होती. तळमळीने लिहिलं होतं, पण गुण कमी पडले. तो रागावून माझ्याकडे आला. “सर, कादंबरी पूर्ण वाचली म्या. मग चुकलं कुठं?”

वाचनात त्याचं काहीच चुकलं नव्हतं. निबंधात वाद घालण्याजोगं एकही वाक्य नव्हतं, एवढंच. दुष्काळ वाईट असतो, खेड्यातली माणसं साधी असतात, मास्तर चांगला होता, या वाक्यांना कोणी ‘नाही’ म्हणणार नाही आणि ज्याला नाकारता येत नाही ते पुराव्याने सिद्धही करावं लागत नाही. मग पानं भरायला कथानक आणि गावाकडच्या गोष्टी उरतात.

मी त्याला निबंध बाजूला ठेवायला लावलं आणि विचारलं, कादंबरी मिटल्यावर डोक्यात काय राहिलं? तो लगेच म्हणाला, शेकूची बायको. बैल कमी पडतो म्हणून ती स्वतः जू खांद्यावर घेते, तो प्रसंग. दुसरं काय, म्हटलं. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, “सर, मास्तरानं एवढं केलं आन् शेवटी गावच राहिलं नाही. मग त्याचा उपयोग काय झाला?”

मुद्दा इथे सापडला. कादंबरीत दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत असं वाटलं की तिथे खूण करावी. आवडलेल्या प्रसंगापेक्षा न जुळणारा प्रसंग निबंधाच्या जास्त कामाचा असतो. औंध संस्थानातला हा तरुण मास्तर मेंढपाळांच्या वाडीत येतो, बंद पडलेली शाळा सुरू करतो, लोकांच्या अडीअडचणीत पडतो, तालीम बांधून घेतो, खुद्द राजेसाहेब गावात येतात. आणि अखेरीस दुष्काळात वाडी ओस पडते. मग ही यशाची गोष्ट आहे की अपयशाची?

त्या प्रश्नाचं पहिलं उत्तर त्याने असं लिहिलं: ‘मास्तराने गाव सुधारले, पण दुष्काळाने ते हिरावून घेतले.’ आधीच्यापेक्षा हे बरं होतं, पण हेही कथानकच होतं, एका वाक्यात बसवलेलं. ओळखायची खूण सोपी आहे. ते वाक्य पुस्तकाच्या वेष्टनावर सारांश म्हणून छापता येत असेल, तर ते प्रतिपादन झालेलं नाही. प्रतिपादनात ‘काय घडलं’च्या पुढचं ‘कशामुळे’ किंवा ‘कसं’ असावं लागतं.

म्हणून पुढचा प्रश्न विचारला: मास्तराचं काम होतं तरी कोणाच्या बळावर? तो पुस्तक घेऊन बसला आणि वाडीचा म्हातारा कारभारी आला की पानाच्या कडेला पेन्सिलीने ‘का’ लिहीत गेला. सुरुवातीला पोरं मेंढरांमागे असतात, शाळेत यायला कोणी तयार नसतं. कारभारी मनावर घेतो तेव्हा शाळा भरते. पुढे आपल्या मुलीवरून, अंजीवरून, त्याच म्हाताऱ्याच्या मनात मास्तराविषयी संशय येतो आणि त्या एका माणसाच्या अबोल्याने मास्तर अस्वस्थ होतो. पोरानं दुसरं वाक्य लिहिलं: ‘बनगरवाडीत मास्तराच्या कामाला यश येते ते शिक्षणाच्या बळावर नाही, कारभाऱ्याच्या शब्दावर.’

यावर भांडता येतं. म्हणून मी लगेच विरुद्ध बाजू घेतली. तालमीची कल्पना कोणाची? मास्तराची. अंगमेहनत कोणाची? सगळ्या गावाची. माणसं आपली कामं घेऊन त्याच्याकडे येतात, ती काय कारभाऱ्याने पाठवलेली असतात? तो गप्प झाला, मग म्हणाला, “मग वाक्य खोटं आहे का, सर?” खोटं नव्हतं, अपुरं होतं. बरीच मुलं इथे वाक्यच बदलतात किंवा अडचणीचा प्रसंग लपवतात. लपवलेला प्रसंग परीक्षकाला पाठ असतो. त्यापेक्षा तो वाक्यातच घ्यावा, ‘तरी’ लावून. शेवटी ठरलेलं वाक्य असं होतं:

‘मास्तर हळूहळू गावाचा विश्वास स्वतः कमावत असला, तरी बनगरवाडीत त्याला पहिली जागा मिळते ती कारभाऱ्याच्या शब्दामुळे, गाव बदलण्याची ताकद बाहेरून आलेल्या शिक्षणात नसून गावातल्या जुन्या अधिकारात आहे आणि दुष्काळापुढे तो अधिकारही पुरा पडत नाही, असे ही कादंबरी दाखवते.’

वाक्य लांब आहे, मान्य. पण निबंधाचा आराखडा त्यातच आहे. आधी शाळा भरण्याचा प्रसंग, मग अंजीवरून आलेला दुरावा, मग तालीम आणि ‘विश्वास त्याचा स्वतःचा’ या आक्षेपाला उत्तर, शेवटी ओस पडलेली वाडी. प्रत्येक परिच्छेद या वाक्याच्या एकेका तुकड्याचं देणं फेडतो. कोणताच तुकडा न फेडणारा परिच्छेद काढून टाकायचा.

शेकूच्या बायकोचा प्रसंग इथेच अडला. पोराचा जीव त्यात होता, तो सोडायला तयार नव्हता. पण तो प्रसंग दारिद्र्याविषयी आणि त्या बाईच्या जिद्दीविषयी आहे, कारभाऱ्याच्या शब्दाविषयी त्यात काही नाही. त्यावर वेगळा निबंध होऊ शकतो: या कादंबरीतल्या बायका न बोलता जे करतात त्याकडे निवेदक मास्तर कसं पाहतो. दोन्ही एका निबंधात घालायचा हट्ट धरला की वाक्यात ‘आणि’ वाढत जातात आणि विधान पुन्हा पहिल्यासारखं पातळ होतं. त्याने जड मनाने ते पान निबंधातून काढलं, पण फाडलं नाही, वहीच्या मागे जपून ठेवलं. मला ते आवडलं.

एक सावधगिरी मात्र शेवटपर्यंत ठेवावी लागली. ‘असे ही कादंबरी दाखवते’ हे शब्द त्याने दोनदा खोडले आणि त्याजागी ‘ग्रामीण भागात आजही असेच घडते’ असं लिहिलं. आजच्या खेड्याविषयीचं ते विधान सिद्ध करायला वेगळे पुरावे लागतात, आकडे लागतात, गावोगावची पाहणी लागते. कादंबरीच्या पानांतून ते सिद्ध होत नाही. शिवाय गोष्ट सांगतो तो मास्तरच. कारभाऱ्याचा अधिकार आपल्याला दिसतो तो त्याच्या नजरेतून. स्वतःचं श्रेय तो कमी करून सांगत असेल का, हा प्रश्न त्याने तालमीच्या परिच्छेदात दोन ओळींत घेतला. तोंडी परीक्षेत नेमकं त्यावरच विचारलं गेलं आणि तो तालमीचं पान उघडून बोलायला लागला.