हुकूम नको, पण काम आज चारलाच हवं

१० तारखेला अकाउंट्सच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज पडतो: ‘सेल्स रजिस्टर पाठवा. लगेच.’ कोणी पाठवायचं, कोणत्या महिन्याचं, कशासाठी, याचा पत्ता नाही. मेसेज तुटक आहे तितकाच अर्धवटही आहे, त्यामुळे पुढे नुसतं ‘प्लीज’ लावून भागत नाही. तोच असा लिहिता येतो:

‘स्नेहल, ऑगस्टचं सेल्स रजिस्टर आज चारपर्यंत ग्रुपवर टाकशील का? उद्या जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख आहे, त्याआधी बिलं ताडून बघायची आहेत. चारपर्यंत होणार नसेल तर दोनच्या आत सांग.’

काय करावे

- नाव घ्या. ग्रुपवर मोघम ‘पाठवा’ म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी पाठवेल.
- प्रश्न कामाचा विचारा, वेळेचा नको. ‘चारपर्यंत टाकशील का?’ यात विनंती आहे आणि वेळ ठरलेली आहे. ‘चारपर्यंत जमेल ना, की उशीर होईल?’ असं विचारलंत की सहा वाजलेच म्हणून समजा.
- कारण एका वाक्यात द्या. मग घाई तारखेची आहे, साहेबांच्या मूडची नाही, हे कळतं. शिवाय बिलं ताडायची आहेत म्हटल्यावर समोरची व्यक्ती बिल नंबरांसकट यादी पाठवते, नुसती बेरीज पाठवत नाही.
- अडचण सांगायचीही वेळ द्या. ‘दोनच्या आत सांग’ म्हटल्यामुळे तुमच्या हातात दोन तास उरतात आणि तिलाही ‘नाही’ म्हणायची वाट मोकळी राहते.
- समोर बोलता तसंच लिहा. एरवी अहो-जाहो करत असाल तर चॅटवरही ‘टाकाल का?’ असंच विचारा.

काय टाळावे

- ‘जमल्यास’, ‘वेळ मिळाला की’. हे शब्द वाचून काम खुशाल उद्यावर जातं. मग उद्या तुम्हीच चिडणार.
- ‘कृपया नोंद घ्यावी’, ‘त्वरित सादर करावे’. शब्द सभ्य आहेत, पण सूर सूचनाफलकाचा आहे. रोजच्या सहकाऱ्याला तो परका वाटतो.
- ‘संध्याकाळपर्यंत’. कोणाची संध्याकाळ सहाला संपते, तर कोणाची रात्री अकराला. घड्याळातली वेळ लिहा.
- ‘अजून आलं नाही???’ आठवण करून देताना एकच ओळ पुरे: ‘स्नेहल, रजिस्टर कुठपर्यंत आलं? काही अडलंय का?’

अपवाद

कोणी चुकीचे आकडे पोर्टलवर भरताना दिसलं तर ‘थांबा, फाइल करू नका’ एवढंच लिहा. भरलेलं विवरणपत्र मागे घेता येत नाही. तिथे ‘थांबाल का?’ विचारत बसू नका. कारण नंतर फोनवर सांगा.