नकार माझा होता, अपमान ताईंचा झाला

एखाद्या चर्चासत्राचं बोलावणं नाकारताना आपण सहज म्हणतो, ‘माझ्याऐवजी अमक्यांना बोलवा.’ त्या एका वाक्याची किंमत तो अमका मोजतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितोय.

मलकापुरात जिनिंगमध्ये माझी उमर गेली. पुण्याकडच्या एका महाविद्यालयानं कापसाच्या प्रतीवर बोलायला बोलावलं, तेही ऐन डिसेंबरात. तेव्हा आमच्याकडे गाड्यांची रांग लागलेली असते. ओल आठ टक्क्यांच्या आत की बारावर, यावरून शेतकऱ्याचा भाव ठरतो. फड सोडून जाणं शक्य नव्हतं. मी त्याच दिवशी लेखी नकार कळवला आणि मोताळ्याकडच्या एका ताईंचं नाव सुचवलं. त्या वेचणीच्या बायांना शिकवतात. खताच्या प्लास्टिक पोत्यात कापूस भरला की पोत्याचे धागे रुईत येतात, गाठीत जातात आणि पुढे सुतात अन् कापडात दिसतात. जिनमध्ये ते धागे निवडून काढताना आमचे हाल होतात, पण ते शिरतात वावरात. सुती चादरीची झोळी बायांच्या कमरेला कशी बांधून घ्यावी, हे ताईंना येतं, मला नाही. म्हणजे त्या विषयाला त्याच जास्त योग्य होत्या. त्यांना विचारूनच मी नंबर दिला होता.

पुढे व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. ठळक अक्षरांत माझं नाव! ताईंचं कुठेच नाही. मी फोन केला. संयोजक म्हणाले, “सर, नाव राहू द्या ना. नॅकच्या फायलीला बरं दिसतं. मॅडम तुमच्या वतीनं बोलतील.”

माझ्या वतीनं? त्या बाईंची इतक्या वर्षांची मेहनत माझ्या वतीनं? मी नाव काढायला सांगितलं, ते ‘हो हो’ म्हणाले आणि काढलं नाही. मला टू टिअर एसीचं भाडं देऊ केलं होतं. ताई महाराष्ट्र एक्स्प्रेसनं स्लीपरमधून गेल्या. पाऊण तासाचं सत्र जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांवर आलं. ओळख करून देताना सांगितलं, ‘मुख्य वक्ते येऊ शकले नाहीत, म्हणून...’ मानधनाचा विषयच निघाला नाही. परत आल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, “भाऊ, मले तिथं कायले पाठवलं?” त्याचं उत्तर खरं तर त्या संयोजकांनी द्यायला हवं.

याच्या उलटही घडलेलं आहे. यवतमाळच्या 2019 च्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. आधी ठरलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं होतं. येडे उभ्या राहिल्या त्या शेतकऱ्याची विधवा म्हणून, स्वतःचं दुःख आणि स्वतःचं म्हणणं घेऊन. सहगल यांच्या प्रतिनिधी म्हणून नव्हे. मागाहून बोलावलेला माणूसही स्वतःच्या नावानं उभा राहू शकतो. बोलावणाऱ्यांनी तेवढा मान ठेवावा लागतो.

म्हणून सांगतो. नकार पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहा. ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ हे शब्द संयोजक होकार म्हणून वाचतात. दुसऱ्याचं नाव देण्याआधी त्याला तारीख, विषय, प्रवास सगळं सांगून विचारा. मग त्याची शिफारस करताना ‘त्याही छान बोलतात’ असं मोघम लिहू नका. विषयातलं त्यांचं काम लिहा. आज मी असं लिहीन: ‘मी येऊ शकत नाही. वेचणीतली भेसळ या विषयावर ताई स्वतःच्या कामातून बोलतील. त्यांना त्यांच्या नावानं स्वतंत्र निमंत्रणपत्र द्यावं. मला देऊ केलेला वेळ, प्रवासखर्च आणि मानधन त्यांनाही तेवढंच असावं. पत्रिकेत माझं नाव छापू नये.’ हे लिहायला संकोच वाटतो, पण न लिहिलेलं कुणी पाळत नाही.

नंबर मात्र लगेच देऊ नका. या अटींना लेखी होकार आला की मगच द्या. ‘मग राहू द्या, आम्ही बघतो’ असं उत्तर आलं, तर समजा की त्यांना विषय नको होता, नाव हवं होतं. तिथं कुणालाच पाठवू नका. छापायच्या आधी पत्रिकेचा मसुदा मागवा. सगळे मेसेज जपून ठेवा. आणि कार्यक्रमानंतर आपण पाठवलेल्या माणसाला फोन करून वेळ किती मिळाला, पैसे मिळाले का, हे विचारा. पैसे राहिले असतील तर संयोजकांकडे मागायचं काम आपलं, कारण ओळख आपली होती.

त्या महाविद्यालयाचा पुढच्या चर्चासत्रासाठी पुन्हा फोन आला होता. मी म्हटलं, आधी ताईंचं मानधन पोचतं करा, मग बोलू.