‘रेट काय?’ या प्रश्नाला एका पानाचं उत्तर

प्रश्न : मी सांगलीत घरून इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करते. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा येतात, बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘रेट काय?’ हाच असतो. मी तीन पानांचं दरपत्रक तयार केलं आहे. त्यात माझं शिक्षण, चौदा सेवा, कामाच्या प्रमाणात सवलत, तातडीच्या कामाचा जादा दर, बँक खातं, सगळं आहे. ते पाठवलं की समोरून निळ्या खुणा येतात आणि पुढे काहीच नाही. एका पानात नेमकं काय ठेवू आणि काय काढू?

उत्तर : तुमचं दरपत्रक मी दोनदा वाचलं. माहिती सगळी खरी आहे, पण दर दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे आणि तोही ‘१ रुपयापासून पुढे’ असा. विचारणाऱ्याला आपल्या कामाचा खर्च साधारण किती येईल, एवढंच कळायला हवं असतं. तीन पानं वाचूनही तो आकडा हाती येत नसेल, तर माणूस दुसऱ्याला विचारतो.

म्हणून सुरुवात दराच्या एककापासून करा. आपल्याकडे ‘पानाला किती?’ असं विचारायची सवय आहे, पण पानाचा दर छापू नका. मोठ्या अक्षरातल्या पानावर दोनशे शब्द बसतात, दाट छापलेल्या करारनाम्याच्या पानावर सहाशेही. शब्दाचा दर द्या आणि शब्द कोणत्या भाषेतले मोजणार, हे त्याच ओळीत लिहा. तुमच्या पत्रकात नुसतं ‘प्रतिशब्द’ आहे, आणि खरी गफलत तिथेच आहे.

मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत तेच सांगायला ‘इव्हन टू दोज इन द हाऊस’ असे सहा लागतात. मी नुकतंच एका नोटिशीतलं वाक्य केलं : ‘ही नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून पंधरा दिवसांच्या आत तहसीलदार कार्यालयात अर्ज सादर करावा.’ हे बारा शब्द आहेत, मूळ इंग्रजी वाक्यात बावीस होते. सगळी वाक्यं इतकी आक्रसत नाहीत. पण माझ्या कामात मराठी मजकूर इंग्रजीच्या साधारण तीन-चतुर्थांश भरतो.

आता शब्दाला दीड रुपया असा दर धरा. ३,२०० शब्दांचं इंग्रजी माहितीपत्रक मूळ शब्दांनी मोजलं, तर ४,८०० रुपये होतात. तेच काम मराठी शब्दांनी मोजलं, तर सुमारे २,४०० शब्द आणि ३,६०० रुपये. बाराशे रुपयांचा हा फरक काम संपल्यावर, बिलाच्या वेळी उघड झाला, की दोघांनाही आपण फसलो असं वाटतं. मूळ मजकुराचे शब्द धरले, तर काम सुरू होण्याआधीच दोघं मोजू शकतात आणि आकडा पक्का राहतो.

याला एक अपवाद पत्रकात लिहाच. हस्तलिखित फेरफार, जुनी खरेदीखतं, अस्पष्ट स्कॅन यांचे शब्द आधी मोजता येत नाहीत. तिथे ‘भाषांतरित शब्दांवर आकारणी, कागद पाहून अंदाज’ असं म्हणा. मोडीतले कागद तुम्ही घेत नसाल, तर तेही एका ओळीत सांगा. सांगलीत जुनी दप्तरं बाळगणारी घरं आहेत, त्यांचा आणि तुमचा वेळ वाचेल.

दराखाली किमान आकार हवा. जन्मदाखला साठ-सत्तर शब्दांचा असतो. शब्दाच्या हिशोबाने त्याचे शंभर रुपये होतात, पण नावांची स्पेलिंगं पासपोर्टशी ताडून पाहण्यात अर्धा तास जातो. ‘किमान आकार ५०० रुपये’ एवढं लिहिलं, की पुरे. त्यानंतर दरात काय धरलं आहे ते सांगा : भाषांतर, स्वतःचं एक पुनर्वाचन आणि पोहोचवल्यापासून सात दिवसांत कळवलेल्या दुरुस्त्या. मूळ मजकूरच बदलला, तर ते नवं काम.

आता काय काढायचं. सवलतीचा तक्ता आधी काढा. ‘१०,००० शब्दांवर दहा टक्के सूट’ वाचणारा दोन हजार शब्द हातात घेऊन दहा हजारांचा दर मागतो, ‘पुढे भरपूर काम आहे’ असं म्हणत. सूट द्यायची असेल, तर प्रत्यक्ष कामाच्या अंदाजपत्रकात द्या. तातडीचा जादा दरही छापू नका. टक्केवारी छापली, की तेवढे पैसे भरून आजची रात्र विकत घेता येते असा त्याचा अर्थ होतो, आणि त्या रात्री तुमच्या टेबलावर दुसरं काम असू शकतं. त्याऐवजी आपला नेहमीचा वेग लिहा, ‘दिवसाला सुमारे १,५०० शब्द. त्याहून लवकर हवं असल्यास आधी विचारा.’

चौदा सेवांपैकी गेल्या वर्षी प्रत्यक्षात केलेल्या चारच ठेवा. दुभाषाचं काम तुम्ही एकदाही केलेलं नाही, मग ते तिथे नको. ज्यांची कागदपत्रं केलीत त्यांची नावं तर मुळीच नकोत. लोक आपले करार आणि वैद्यकीय अहवाल विश्वासाने देतात, आणि पुढचा माणूस त्या यादीत आपलं नाव कल्पून पाहतो. बँक खातं, पॅन, घराचा पत्ता यांची जागा बिलावर. हे पत्रक कोणाकडून कोणाकडे जाईल, यावर तुमचा ताबा नसतो.

जीएसटीबद्दल पत्रकात ‘१८ टक्के वेगळा’ असं आहे, पण तुमची नोंदणी नाही. नोंदणी नसताना कर वसूल करता येत नाही, ती ओळ आजच खोडा. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा आपल्याकडे वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. तोवर ‘जीएसटी नोंदणी नाही, दरावर वेगळा कर नाही’ एवढं पुरे.

तळाशी दर कधीपासून लागू आणि कधीपर्यंत, ते तारखेसकट लिहा. मी एकदा तारीख न घालता पत्रक पाठवलं होतं. दोन वर्षांनी एका पार्टीने तेच पुढे केलं. ते चुकीचं बोलत नव्हते, कागदावर दर होता आणि मुदत नव्हती. साडेआठ हजार शब्दांचं काम मी जुन्या दराने केलं.

पत्रक वर्डमध्ये नाही, पीडीएफमध्ये पाठवा. वर्डची फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली, की मराठी फॉन्ट बदलतो आणि तक्ता विस्कटतो. आधी स्वतःच्या फोनवर उघडून पाहा. बोटांनी मोठं न करता दर वाचता आला नाही, तर मजकूर अजून जास्त आहे.

आणि नुसती फाइल टाकू नका. समोरच्याने काय विचारलं, त्याचं उत्तर वर दोन ओळींत द्या : ‘तुमचं माहितीपत्रक ३,२०० इंग्रजी शब्दांचं आहे, ४,८०० रुपये होतील. आज होकार आला, तर शुक्रवारी संध्याकाळी देते. बाकी तपशील सोबतच्या पानावर.’ कागद अजून पाहिलेला नसेल, तर त्या दोन ओळींत तोच मागा.