गाडी बघायला जाण्याआधी १४ दिवसांची फेरीवही

व्हिडिओत वही दाखवली होती, ती भरायची कशी आणि भरल्यावर वाचायची कशी, हे आज सविस्तर पाहू.

शोरूममध्ये गेलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आपण आकडा सांगतो आणि त्या आकड्यात बसणारी गाडी समोर येते. पण त्या गाडीत रोज कोण बसणार, काय भरणार, किती लांब नेणार, हे तिथे कुणी विचारत नाही. ते आपल्यालाच आधी माहीत असावं लागतं. अंदाजाने सांगायला गेलं की गडबड होते, कारण सगळ्यात मोठी, दमवणारी फेरी लक्षात राहते आणि रोजच्या साध्या फेऱ्या विसरल्या जातात.

वहीत काय लिहायचं?

शंभर पानी वही पुरे. एका फेरीला एक ओळ. प्रत्येक ओळीत एवढंच:

१. तारीख, निघाल्याची आणि पोचल्याची वेळ
२. कुठून कुठे, किती किलोमीटर (जाऊन-येऊन)
३. माणसं किती, चालवणारा धरून
४. माल: नग किती, एकूण वजन किती, सगळ्यात मोठ्या नगाची लांबी-रुंदी-उंची
५. कशाने गेलो, भाडं किंवा पेट्रोल किती लागलं
६. काय अडलं

वजन एकदाच नीट करा. भरलेला एक क्रेट काट्यावर ठेवला की पुढे फक्त नग मोजायचे. मापं टेपने घ्या, हाताच्या अंदाजाने नको.

सहावा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आज आपण जे नेतो, ते आजच्या गाडीला झेपतं तेवढंच असतं. स्कूटरवर दोन क्रेट मावतात म्हणून वहीत दोनच क्रेट दिसतील. खरी गरज चारची असली तरी ती दिसणार नाही. म्हणून "दोन खेपा कराव्या लागल्या", "उशीर झाला", "ऑर्डर नाकारली" हेही लिहायचं. जी फेरी झालीच नाही, तिलाही एक ओळ द्यायची.

एक नमुना सोडवून पाहू

समजा, कराडमध्ये एका ताईंचा डब्यांचा व्यवसाय आहे. रोज दुपारचे ६० डबे, शिवाय अधूनमधून बारशा-साखरपुड्याच्या जेवणाच्या ऑर्डर. आता स्कूटर आहे. ऑर्डर असली की टेंपो भाड्याने घेतात. मनात मोठा टेंपो घ्यायचा आहे, "म्हणजे सगळंच भागेल."

१४ दिवसांची वही भरली. त्यात कामाचे दिवस १२.

| फेरी | किती वेळा | माणसं | माल | अंतर |
|---|---|---|---|---|
| डबे पोचवणे | २४ (रोज २ खेपा) | १ | २ क्रेट, ४० किलो | ९ किमी |
| भाजी मंडई | ६ | १ | ३५ किलो | ६ किमी |
| जेवणाची ऑर्डर | २ | ५ | सुमारे ३७० किलो | ३६ आणि ५४ किमी |

एकूण ३२ फेऱ्या. त्यातल्या ३० फेऱ्यांत माणूस एक आणि वजन ४० किलोच्या आत. म्हणजे मोठा टेंपो लागतो तो फक्त २ फेऱ्यांना.

मग स्कूटरच बरी आहे का? सहावा रकाना वाचा. १२ पैकी ७ दिवस दुसऱ्या खेपेचे डबे सव्वा वाजल्यानंतर पोचले. आणि विद्यानगरच्या २० डब्यांची मागणी नाकारली, कारण तिसरी खेप वेळेत बसत नव्हती. म्हणजे अडचण वजनाची नाही, खेपांची आहे. सगळे डबे एकाच खेपेत निघायला हवेत.

आता मोजा. एका क्रेटमध्ये १५ डबे, क्रेटचा तळ ६० × ४० सेंमी, भरलेलं वजन २० किलो. आजच्या ६० डब्यांना ४ क्रेट, ८० किलो. विद्यानगर धरून ८० डबे झाले तर ६ क्रेट आणि साधारण १०८ किलो. एकावर एक न ठेवता ६ क्रेट मांडायला १२० × १२० सेंमी सपाट जागा लागते. गाडीचा हौदा मोजताना हाच आकडा हातात हवा.

मोठ्या ऑर्डरचं काय?

इथे दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली, माणसं. ऑर्डरला पाच जण जातात. मालवाहू टेंपोच्या हौद्यात माणसं बसवणं नियमाला धरून नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यालाही अडचण येते. केबिनमध्ये आरसी बुकात लिहिलीत तेवढीच माणसं, ड्रायव्हर धरून. म्हणजे मोठा टेंपो घेतला तरी मदतनीसांसाठी वेगळी सोय करावीच लागणार. "सगळंच भागेल" हे इथेच चुकतं.

दुसरी, पैसे. टेंपोचं भाडं एका ऑर्डरला १,८०० रुपये. वहीत १४ दिवसांत २ ऑर्डर, म्हणजे महिन्याला ४ धरल्या तर ७,२०० रुपये. आता समजा, रोजच्या कामाला पुरेल अशी छोटी मालवाहू गाडी आणि मोठा टेंपो यांच्या किमतीत ४ लाखांचा फरक आहे. १० टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी १ लाखाला साधारण २,१२५ रुपये हप्ता बसतो, म्हणजे ४ लाखांना ८,५०० रुपये. ७,२०० आणि ८,५०० फार लांब वाटत नाहीत. पण हे १४ दिवस लग्नसराईतले होते!

म्हणून जुनी ऑर्डर डायरी काढायची. वर्षभरात ऑर्डर झाल्या २६. भाडं ४६,८०० रुपये, महिन्याला सरासरी ३,९००. त्या भाड्यात ड्रायव्हर आणि डिझेल दोन्ही आलं. स्वतःच्या टेंपोला हप्त्याशिवाय डिझेल आणि जास्तीचा विमा वेगळा. मोठ्या ऑर्डरला भाड्याचा टेंपोच परवडतो.

वर्षाला ऑर्डर ६०-७० वर गेल्या, किंवा ऐन मुहूर्ताच्या दिवशी टेंपो मिळेना म्हणून ऑर्डर सुटू लागल्या, तर हिशोब बदलेल. तेव्हा तो पुन्हा मांडायचा.

शेवटी एक पान

वहीतून गरजेचं एकच पान तयार करा. या ताईंचं पान असं होईल:

- रोज एक माणूस. दुसरी सीट असली तर बरं
- ६ क्रेट एका खेपेत, ११० किलो, तळ १२० × १२० सेंमी, पावसात झाकलेला
- रोजची धाव २० किमीच्या आसपास
- घराच्या बोळात शिरणारी (बोळाची रुंदी टेपने मोजून इथे लिहायची)
- मोठ्या ऑर्डरला टेंपो भाड्याने

यात कुठल्याही गाडीचं नाव नाही, आणि ते मुद्दामच. हे पान घेऊन शोरूममध्ये जा, सोबत टेप आणि दोन रिकामे क्रेट न्या. क्रेट प्रत्यक्ष मांडून बघा. चाकांवरचा फुगवटा किंवा अरुंद दार माहितीपत्रकात पटकन लक्षात येत नाही, क्रेट अडला की लगेच कळतं.

गृहपाठ: उद्यापासून १४ दिवस वही भरा, आणि गेल्या वर्षीच्या डायरीतून सिझनच्या फेऱ्या वेगळ्या पानावर उतरवा. दोन्ही पानं शेजारी ठेवूनच गरजेचं पान लिहा.